४३ मेलचा एक पानी सारांश: पटलं काय, अडलं कुठे, राहिलं काय

आमच्या सोसायटीत मी पहिल्यांदा मेलचा सारांश लिहिला तेव्हा त्यात एक वाक्य होतं: "रंगकामाचा खर्च सर्वांना मान्य आहे." सभेत एक गृहस्थ उठले आणि शांतपणे म्हणाले, "मी तर एकही मेल लिहिला नाही. मला मान्य आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?" उत्तर नव्हतं. त्या वाक्यातला 'सर्वांना' हा शब्द मी हवेतून आणला होता. पुढची चाळीस मिनिटं रंगावर नाही, त्या शब्दावर गेली.

पुढच्या वेळी प्रश्न लिफ्टचा होता. तळमजला अधिक सहा मजले, मजल्याला चार घरं, एकूण २८ फ्लॅट. लिफ्ट जुनी, वरचेवर बंद पडणारी. ४ ऑगस्ट ते २२ ऑगस्ट २०२४ या १९ दिवसांत यावर ४३ मेल आले आणि सेक्रेटरींनी फोन केला, "सभेआधी एका पानात मांडून द्या, कोण काय म्हणतंय ते मलाच कळेनासं झालंय." ते काम कसं केलं, ते इथे सविस्तर सांगतो. ऑफिसातल्या मेलमाळेलाही हीच रीत चालते, फक्त तिथे फ्लॅट नंबरच्या जागी खात्यांची नावं येतात.

आधी सगळे मेल एका जागी आणा

हे किरकोळ वाटतं, पण निम्म्या चुका इथेच होतात. जीमेलमध्ये कोणी विषयाची ओळ बदलली की माळ तुटते आणि नवीन संभाषण सुरू होतं. शंभराहून जास्त मेल झाले तरी ती तुटते. आमच्याकडे मूळ माळेत २९ मेल होते. एकाने विषयात 'महत्त्वाचे' असं जोडून उत्तर दिलं, त्याखाली ११ जमले. उरलेले तीन पार्किंगच्या माळेत सापडले, कारण एका सदस्याने पार्किंगबद्दल बोलता बोलता लिफ्टचा विषय काढला होता. म्हणून माळ उघडून वाचत सुटण्याआधी शोध घ्यावा. आपल्याकडे लोक कधी देवनागरीत लिहितात, कधी रोमनमध्ये, तेव्हा दोन्ही शब्द टाकावेत:

```
(लिफ्ट OR lift) after:2024/08/04 before:2024/08/23
```

दुसरी गोष्ट, लपलेला मजकूर. उत्तराखाली तीन ठिपके दिसतात, त्यात जुना मेल दुमडलेला असतो. काही जण त्या जुन्या मेलच्या ओळींमध्येच लाल अक्षरांत उत्तरं लिहितात आणि वर फक्त "खाली पाहा" एवढंच असतं. ३०२ ची चार उत्तरं अशी दुमडलेली होती. ठिपके उघडले नसते तर त्यांचं मत माझ्या कागदावर 'खाली पाहा' एवढंच राहिलं असतं.

तिसरी, जोडलेल्या फायली. कोटेशन, मेकॅनिकचा अहवाल, जे काही असेल ते उघडून वाचायचं. आणि चौथी, जे फक्त तुम्हालाच आलेलं आहे ते वेगळं ठेवायचं. एका सदस्याने 'रिप्लाय ऑल' न करता मला एकट्याला दोन परिच्छेद लिहिले होते. ते सारांशात घालायचे तर आधी त्यांना विचारावं लागतं. मी विचारलं, त्यांनी नको म्हटलं, मी घातले नाहीत. एवढी शिस्त नसेल तर पुढच्या वेळी कोणी मोकळं लिहीत नाही.

शेवटी एक वेळ ठरवून टाका. "२२ ऑगस्ट रात्री १० पर्यंत आलेले मेल धरले आहेत" हे वाक्य सारांशाच्या डोक्यावर हवंच. नाहीतर तुम्ही लिहीत असताना ४४ वा मेल येतो आणि तो का नाही घेतला म्हणून नवा वाद उभा राहतो.

'लिफ्ट' हा एक प्रश्न नसतो

पहिलं वाचन काही न टिपता, जुन्यापासून नव्याकडे करावं. मेलच्या ॲपमध्ये नवीन आधी दिसतं, पण तसं वाचलं तर लोकांनी मत का बदललं ते कळत नाही. या वाचनात एकच शोधायचं: नेमके किती प्रश्न चालू आहेत?

लिफ्टच्या माळेत चार होते. जुनी दुरुस्त करायची की नवी बसवायची. नवी असेल तर दोन कोटेशनपैकी कोणतं. पैसे कसे वाटून घ्यायचे. आणि काम कधी करायचं. माळ गुंतली ती यामुळे, की लोक एका मेलमध्ये दोन-तीन प्रश्नांवर बोलत होते आणि खालचा माणूस "मला मान्य आहे" म्हणत होता. कशाला मान्य? ५०१ चं "पूर्ण सहमत" हे ज्या मेलखाली होतं त्यात नवी लिफ्ट, समान वर्गणी आणि दिवाळीआधी काम या तिन्ही गोष्टी होत्या. सुदैवाने त्यांनी नंतरच्या मेलमध्ये तिन्ही स्वतंत्रपणे लिहिल्या. तसं नसतं तर फोन करून विचारणं हाच मार्ग होता, आपणच अर्थ लावणं नव्हे.

दुसरं वाचन तक्त्यासह

आता एक्सेल किंवा साधी वही घ्या. रकाने पाच पुरतात: मेलचा क्रमांक, तारीख, कोणाचा, कोणत्या प्रश्नाबद्दल, काय म्हटलं. एका मेलमध्ये तीन प्रश्नांवर मत असेल तर तीन ओळी करायच्या. शेवटच्या रकान्यात शक्यतो त्यांचेच शब्द, एका ओळीत. माझ्या तक्त्यातल्या काही ओळी अशा:

मेल ६ | ५ ऑगस्ट | ४०२ | दुरुस्ती की नवी | "मोटर बदलली तर अजून पाच वर्षं निघतील"
मेल ९ | ६ ऑगस्ट | १०४ | कधी | "काम चालू असताना आईला खाली कसं आणायचं?"
मेल १७ | ९ ऑगस्ट | ४०२ | दुरुस्ती की नवी | "अहवाल वाचला. मग नवीच घ्या"
मेल ३१ | १६ ऑगस्ट | ६०४ | कोटेशन | "पहिल्या आकड्यात कर धरलेला नाही"

४०२ च्या दोन ओळी बघा. माणसाचं शेवटचं मत धरायचं, पण बदल मेकॅनिकच्या अहवालामुळे झाला हे सारांशात सांगण्यासारखं आहे, कारण जे अजून दुरुस्तीचा विचार करतात त्यांनाही तो अहवाल वाचावासा वाटेल. ४३ मेलच्या मला ५८ ओळी झाल्या. "धन्यवाद", "काकांचं बरोबर आहे" आणि एक वाढदिवसाची शुभेच्छा (ती या माळेत कशी आली देव जाणे) वगळून. या कामाला दोन तास लागले आणि पूर्ण सारांशातला खरा वेळ इथेच जातो.

मराठीतला होकार नीट ऐका

सहमती मोजताना सगळ्यात जास्त घसरायला होतं ते आपल्या बोलण्याच्या पद्धतीमुळे. 'मान्य आहे', 'हरकत नाही', 'चालेल', 'बघा तुम्ही काय ते' आणि 'ठीक आहे' यांना आपण सरसकट होकार धरतो. पण 'हरकत नाही' म्हणजे मी आडवा येणार नाही, मला ते हवंच आहे असं नाही. 'बघा तुम्ही काय ते' हा तर बऱ्याचदा रुसवा असतो. आणि 'चालेल, पण' यातलं 'पण' हेच खरं वाक्य असतं.

म्हणून मी चार खुणा ठेवतो. स्पष्ट होकार, अटीसह होकार, विरोध नाही, आणि काहीच नाही. अंगठ्याची खूण किंवा '+१' आलं तर ते ज्या मेलला आहे त्यात एकच मुद्दा असेल तरच स्पष्ट होकारात धरतो. अटीसह होकार असेल तर अट गाळायची नाही. "वर्गणी भरतो, पण तीन हप्त्यांत" यातून हप्ते काढून टाकले की तुम्ही त्या माणसाच्या तोंडी वेगळंच वाक्य घातलंत.

आणि गप्प राहिलेले. २८ पैकी ११ फ्लॅटनी मेल लिहिले, १७ नी एक शब्द लिहिला नाही. तेव्हा सारांशात 'सर्वांना', 'बहुतेकांना', 'एकमताने' हे शब्द येऊच शकत नाहीत. "लिहिणाऱ्या ११ पैकी ९ जणांना नवी लिफ्ट हवी आहे" असं येतं. उरलेल्या दोघांतल्या ५०३ चं "हरकत नाही" एवढंच होतं आणि तळमजल्यावरचे जी-२ यावर काही बोललेच नव्हते. रंगकामाच्या वेळी एवढी एक ओळ लिहिली असती तर चाळीस मिनिटं वाचली असती.

मतभेद कशाचा आहे, ते उकला

प्रत्येक वाद वाद नसतो. माझ्या तक्त्यात कोटेशनवरून चांगलीच जुंपलेली दिसत होती. ३०३, ४०२ आणि ५०१ म्हणत होते पहिलं घ्या, दीड लाखांनी स्वस्त आहे. ३०२ आणि ६०४ दुसऱ्याच्या बाजूने. पहिलं ९ लाख ४० हजारांचं, दुसरं १० लाख ९० हजारांचं. पण जोडलेली फाईल उघडली तर पहिल्याच्या तळाशी 'कर वेगळा' असं बारीक अक्षरात होतं आणि दुसऱ्यात कर धरलेला होता. १८ टक्के जीएसटी मिळवला की पहिलं होतं ११ लाख ९ हजार २००. म्हणजे जे स्वस्त म्हणून भांडत होते तेच १९ हजारांनी महाग निघालं. ६०४ नी हे मेल ३१ मध्ये एका ओळीत सांगितलं होतं, कोणी लक्ष दिलं नाही.

असा मतभेद माहितीचा असतो. सारांशात दोन्ही आकडे करासह शेजारी मांडले की तो बहुधा विरतो. मात्र विरला असं आपण जाहीर करायचं नाही. कदाचित ३०३ ना पहिली कंपनी दुसऱ्या कारणानेही आवडत असेल.

पैशाच्या वाटणीचा मतभेद मात्र खरा होता. सहा जण समान वर्गणी म्हणत होते, म्हणजे दुसऱ्या कोटेशनप्रमाणे फ्लॅटमागे साधारण ३९ हजार. तळमजल्याचे जी-२ म्हणत होते, आम्ही लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, आम्ही काहीच देणार नाही. जी-३ निम्मं द्यायला तयार होते. १०४ ना मजल्यानुसार हवं होतं. सेक्रेटरींनी उपविधींचा हवाला दिला होता की लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचा खर्च, वापरा न वापरा, सगळ्या सदस्यांनी समान द्यायचा असतो. आदर्श उपविधींत तसं आहे खरं. पण जी-२ नी विचारलं होतं, "अख्खी लिफ्ट बदलणं म्हणजे दुरुस्ती का?" आणि यावर कोणी उत्तर दिलं नव्हतं.

इथे लिहिणाऱ्याची परीक्षा होते. मी स्वतः दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि समान वर्गणीच्या बाजूच्या सहांतला एक आहे. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "जी-२ उपविधी मान्य करायला तयार नाहीत." वाचून बघितलं तर ते खोटं होतं. ते उपविधी नाकारत नव्हते, उपविधी इथे लागू होतो का असं विचारत होते. वाक्य बदललं आणि सारांशाच्या सुरुवातीलाच लिहून टाकलं की वाटणीच्या प्रश्नात माझं स्वतःचं मत आहे.

क्रियापदांवर लक्ष ठेवा. आपल्या बाजूचे लोक 'सांगतात' आणि 'स्पष्ट करतात', समोरचे 'अडून बसतात', 'तक्रार करतात', 'कुरकुर करतात' असं नकळत होतं. सगळ्यांना 'म्हणतात' आणि 'विचारतात' ही दोनच क्रियापदं द्या. कंटाळवाणं वाटेल, वाटू दे.

राहिलेलं शोधायची युक्ती

सहमती आणि मतभेद आवाज करतात. राहिलेला प्रश्न गप्प असतो, तो खणून काढावा लागतो. तक्त्यात प्रश्नचिन्ह शोधा. मग 'का', 'कसं', 'किती', 'कोण', 'कधी' हे शब्दही शोधा, कारण आपले निम्मे लोक प्रश्नचिन्ह टाकतच नाहीत. सापडलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे, पुढच्या कोणत्या मेलमध्ये उत्तर आलं तो क्रमांक लिहा. जिथे क्रमांक लिहिता येत नाही ते सगळं उघडं.

असाच मला मेल ९ पुन्हा सापडला. १०४ च्या वयस्कर आईला खाली कसं आणायचं हा प्रश्न ५ ते ७ ऑगस्टच्या आकड्यांच्या धुमश्चक्रीत बुडून गेला होता. ३४ मेल त्यावरून निघून गेले, उत्तर शून्य. पहिल्या मजल्याचा हा प्रश्न, मग वरच्या पाच मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांचं काय?

दुसऱ्या प्रकारचं उघडं म्हणजे उत्तर आलं, पण ठरलं काही नाही. सिंकिंग फंडातून काही रक्कम घेता येईल, असं दोघांनी सुचवलं होतं. किती, कोणी परवानगी द्यायची, पुढे काही नाही.

तिसरा प्रकार म्हणजे कोणी विचारलंच नाही ते. गणपतीनंतर सुरू करून दिवाळीआधी संपवायचं, यावर दोघांनी जोर दिला होता आणि कोणी विरोध केला नव्हता. एका कोटेशनमध्ये मुदत ४ ते ६ आठवडे होती. अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला. सहा आठवडे मोजले की येते २९ ऑक्टोबर, म्हणजे धनत्रयोदशीच. एक आठवडा इकडेतिकडे झाला की ऐन दिवाळीत सहाव्या मजल्यावर फराळाचे डबे जिन्याने. हे सारांशात घालावं, पण 'माझी नोंद' अशा वेगळ्या मथळ्याखाली, कारण मेलमध्ये हे कोणी बोललेलं नाही.

कागदावर काय उतरलं

पाठवण्याआधी माझा सारांश साधारण असा होता.

लिफ्ट: ४ ते २२ ऑगस्ट, रात्री १० पर्यंतचे ४३ मेल. २८ पैकी ११ फ्लॅटनी लिहिलं. सारांश लिहिणारा २०२, वाटणीच्या प्रश्नात त्याचं स्वतःचं मत समान वर्गणीचं आहे.

*पटलेलं.* नवी लिफ्ट बसवावी: ९ स्पष्ट होकार. ५०३ ची हरकत नाही, जी-२ नी या प्रश्नावर लिहिलेलं नाही. ४०२ आधी दुरुस्तीच्या बाजूने होते, मेकॅनिकच्या अहवालानंतर बदलले (मेल ६, १७).

*न पटलेलं.* (क) कोटेशन: ३०३, ४०२, ५०१ पहिलं, ३०२, ६०४ दुसरं. करासह पहिलं ११,०९,२०० आणि दुसरं १०,९०,००० (मेल ३१ आणि जोडलेल्या फायली). (ख) वाटणी: समान वर्गणी ६ जण; जी-३ निम्मं देण्यास तयार; १०४ मजल्यानुसार; जी-२ म्हणतात वापर नाही म्हणून वर्गणी नाही.

*राहिलेलं.* १) काम चालू असताना वयस्करांची सोय काय? १०४ नी ६ ऑगस्टला विचारलं, उत्तर नाही. दोन्ही कंपन्यांना विचारता येईल. २) लिफ्ट बदलणं 'देखभाल-दुरुस्ती'त येतं का? जी-२ चा प्रश्न. सेक्रेटरी लेखी सल्ला घेऊ शकतात. ३) सिंकिंग फंडातून किती?

*माझी नोंद.* १७ सप्टेंबरला सुरू केल्यास सहा आठवडे २९ ऑक्टोबरला संपतात.

कंसात मेलचे क्रमांक आहेत ते शोभेला नाहीत. ज्याला वाटेल की माझं म्हणणं वाकवलं, त्याने मेल उघडून बघावा. आणि 'राहिलेलं'मधल्या प्रत्येक ओळीत उत्तर कोण देऊ शकेल हे शक्य तिथे लिहिलं आहे. नुसते प्रश्न मांडले की सभेत सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

एक मर्यादाही मान्य करावी. जिन्यात, पार्किंगमध्ये आणि फोनवर जे बोललं गेलं ते यात नाही. लिहिणारे ११ हे बोलणारे ११ आहेत, सोसायटी नव्हे. आणि हा सारांश म्हणजे ठराव नाही, तो सभेतच होतो.

पाठवण्याआधी ज्यांचं पटत नाही त्यांना दाखवा

सगळ्यांना पाठवण्याआधी प्रत्येक वादातल्या दोन टोकांच्या माणसांना त्यांची ओळ दाखवा. "सारांश कसा वाटला?" असं विचारू नका, त्यावर लोक नव्याने भांडतात. "तुमचं म्हणणं या ओळीत बरोबर आलंय का?" एवढंच विचारा. दुरुस्ती फक्त स्वतःच्या ओळीत. नवा मुद्दा सुचला तर तो माळेत नवा मेल म्हणून लिहावा. एक दिवसाची मुदत द्या. आणि अंतिम सारांश जुन्या माळेत ४४ वा मेल म्हणून नव्हे, नव्या विषयासह नव्या मेलने पाठवा, नाहीतर तोही तीन ठिपक्यांत दुमडला जाईल.

मी जी-२ आणि ५०१ ना पाठवलं. ५०१ चं उत्तर "ओके" आलं. जी-२ चा दुपारी फोन आला. "वर्गणी नाही असं लिहू नका," ते म्हणाले. "उपविधीचं लेखी उत्तर येईपर्यंत नाही, असं लिहा. उत्तर आलं की मी बघेन." मी ओळ बदलली, मेल क्रमांकापुढे 'आणि २३ ऑगस्टचा फोन' असं जोडलं, आणि संध्याकाळी २८ घरांना पाठवून दिलं.